१००६ हेक्टोपास्कल म्हणजे किती पारा?

हवामानाच्या नकाशावर हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये छापलेला असतो आणि सरावाच्या प्रश्नात उत्तर मात्र पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मागितलेले असते. दोन्ही मापे एकाच गोष्टीची आहेत, पण ती वेगवेगळ्या वाटांनी आली. हेक्टोपास्कल हे बळाचे माप आहे: एक चौरस मीटर पृष्ठभागावर शंभर न्यूटन बळ पडत असेल तर तो दाब एक हेक्टोपास्कल. जुन्या पुस्तकांतला मिलिबार तो हाच; नाव बदलले, आकडा बदलला नाही. पाऱ्याचा मिलिमीटर ही मात्र उंची आहे. तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली एका पत्रात वर्णन केलेल्या प्रयोगात पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली होती. नळीतला पारा थोडा खाली आला आणि भांड्यातल्या पातळीपासून सुमारे शहात्तर सेंटिमीटर उंचीवर थांबला. तेवढ्या पाऱ्याचे वजन बाहेरची हवा तोलून धरत होती. दाब लांबीच्या एककात सांगण्याची पद्धत तिथून सुरू झाली.

एका मापातून दुसऱ्यात जाण्याचा गुणक पाठ करण्यापेक्षा तो कुठून येतो हे पाहिलेले बरे. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर पाऱ्याचे वस्तुमान सुमारे १३,५९५ किलोग्रॅम असते. गुरुत्वाचे प्रमाणित मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर एक मिलिमीटर जाडीचा पाऱ्याचा थर आपल्या तळाशी १३३.३२२ पास्कल इतका दाब देतो. हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल. शंभराला १३३.३२२ ने भागले की ०.७५००६ येतात. म्हणून एक हेक्टोपास्कल बरोबर पाऱ्याचे ०.७५००६ मिलिमीटर, आणि उलट बाजूने एक मिलिमीटर बरोबर १.३३३२ हेक्टोपास्कल. प्रमाण वातावरणाचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानतात. त्याचे नेमके ७६० मिलिमीटर होतात.

हा गुणक पाऊणच्या इतका जवळ आहे हा निव्वळ योगायोग, पण सोयीचा. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला कागदही लागला नसता. दिलेल्या आकड्यातून त्याचा पाव भाग वजा केला की काम जवळजवळ संपते. जी कसर उरते ती हजाराला सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीजवळच्या कोणत्याही दाबाला शेवटी ०.०६ मिळवले की उत्तर दशांश स्थळापर्यंत बिनचूक येते.

आता एक पूर्ण उदाहरण. समजा पावसाळ्यातल्या एका दिवशी सकाळी साडेआठची पुण्याची नोंद दिली आहे. वेधशाळा एकमेकींना नोंदी पाच आकड्यांच्या सांकेतिक गटांत पाठवतात, आणि सरावाच्या प्रश्नांत बहुधा हेच गट जसेच्या तसे उतरवलेले असतात. त्यांतले दाबाचे दोन गट असे आहेत: ३९४४६ आणि ४००६४. पहिला आकडा फक्त गटाची ओळख सांगतो. तीनने सुरू होणारा गट म्हणजे वेधशाळेच्या प्रत्यक्ष उंचीवरचा दाब, चारने सुरू होणारा म्हणजे समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब. उरलेले चार आकडे हेक्टोपास्कलच्या दशांशात असतात, आणि दाब हजाराच्या वर असेल तर हजाराचा एक गाळलेला असतो. त्यामुळे ९४४६ म्हणजे ९४४.६ हेक्टोपास्कल, आणि ००६४ म्हणजे १००६.४ हेक्टोपास्कल.

इथे पुष्कळांची गाडी अडते. नकाशावर तर केंद्राशेजारी तीनच आकडे लिहितात. तिथे हाच समुद्रसपाटीचा दाब नुसता ०६४ असा दिसतो. तो ९०६.४ आहे की १००६.४, हे शेजारच्या समदाब रेषांवरून ठरवायचे. आजूबाजूला १००६ आणि १००८ च्या रेषा असताना मधेच ९०६ येऊ शकत नाही. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातला दाबसुद्धा भारतीय हवामान खात्याच्या अंदाजाप्रमाणे ९१२ हेक्टोपास्कल होता. एखाद्या शांत सकाळी पुण्यावर त्याहून कमी दाब निघाला, तर चूक वाचनाची आहे हे उघड आहे.

वाचन पक्के झाले की रूपांतर दोन ओळींचे. १००६.४ चा पाव भाग २५१.६, तो वजा करता ७५४.८ उरतात, ०.०६ मिळवता ७५४.८६, म्हणजे दशांशापर्यंत ७५४.९ मिलिमीटर. तसेच ९४४.६ चा पाव भाग २३६.१५, वजा करता ७०८.४५, कसर धरता ७०८.५ मिलिमीटर. गणकयंत्रावर पहिले उत्तर ७५४.८६२३९७ असे काहीतरी दिसते आणि ते तसेच उत्तरपत्रिकेत उतरवण्याचा मोह होतो. मूळ नोंद हेक्टोपास्कलच्या दशांशापर्यंतच आहे. रूपांतराने तिच्यात नवी अचूकता येत नाही.

दोन उत्तरांत ४६.४ मिलिमीटरचा फरक आहे, आणि तो एककाचा नाही, उंचीचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उबदार हवेत या उंचीच्या आसपास दर नऊ मीटरला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणून एकाच क्षणी एकाच ठिकाणचे दोन खरे दाब संभवतात. प्रश्नात कोणता मागितला आहे हे न पाहता केलेले रूपांतर गणिताने बरोबर आणि हवामानशास्त्राने चूक ठरते. रशियात हवामानाच्या बातम्यांत दाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला मॉस्कोचा दाब ७४८ ऐकून कमी दाबाचा पट्टा आल्याची शंका येऊ शकते. वास्तविक मॉस्को सुमारे दीडशे मीटर उंच आहे आणि तिथल्या जमिनीवर हा रोजचाच दाब आहे. ७६० शी तुलना करायची तर आधी तो समुद्रसपाटीला आणावा लागतो.

दाबातला बदल विचारला असेल तेव्हा क्रमाला महत्त्व येते. उष्ण कटिबंधात दाब रोज ठरावीक वेळी चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. समजा त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला समुद्रसपाटीचा दाब १००३.२ होता. सकाळपासून घट ३.२ हेक्टोपास्कल, तिची पाऊणपट २.४ मिलिमीटर, आणि इथे कसर धरण्याचेही कारण नाही. पण आधी दोन्ही दाबांची रूपांतरे करून ती पूर्णांकात आणली तर ७५५ आणि ७५२ येतात आणि घट तीन मिलिमीटर दिसते. चोवीस टक्क्यांहून जास्त असलेली ही चूक केवळ आकडे लवकर छाटल्यामुळे झाली. वजाबाकी आधी, रूपांतर नंतर, छाटणी सर्वांत शेवटी.

याच नियमाने नकाशावरच्या रेषाही पाहता येतात. भारतीय नकाशांवर समदाब रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात. लगतच्या दोन रेषांत दीड मिलिमीटर पाऱ्याचा फरक. जुलैतल्या एखाद्या नकाशावर केरळच्या किनाऱ्याला १०१० आणि राजस्थानच्या वायव्य टोकाला ९९८ असेल, तर फरक बारा हेक्टोपास्कल, म्हणजे नऊ मिलिमीटर. मोसमी वाऱ्याला ओढणारा एवढा मोठा उतार पाऱ्याच्या नळीत बोटाच्या रुंदीइतकाही दिसत नाही.

उलट दिशेचे रूपांतर अधिक फसवे आहे, कारण तिथे आकडा बहुधा खऱ्या उपकरणावरून घेतलेला असतो. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फॉर्टिनचा वायुभारमापक ७५७.० मिलिमीटर दाखवतो आणि शेजारचा तापमापक ३० अंश, असे समजू. थेट १.३३३२ ने गुणले तर १००९.२ हेक्टोपास्कल येतात. पण गुणक शून्य अंशावरच्या पाऱ्यासाठी आणि प्रमाणित गुरुत्वासाठी आहे. उष्णतेने पारा फुगून हलका होतो आणि तोच दाब तोलायला नळीत जास्त उंच चढतो. पितळी पट्टीचे प्रसरण धरूनही ३० अंशांना ही वाढ ३.७ मिलिमीटर भरते. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व ९.७८६ च्या जवळपास, म्हणजे प्रमाणापेक्षा किंचित कमी. त्याचे आणखी १.६ मिलिमीटर. दोन्ही वजा केल्यावर ७५१.७ उरतात आणि त्यांचे १००२.२ हेक्टोपास्कल होतात. दुरुस्ती न करता लिहिलेले उत्तर सात हेक्टोपास्कलने जास्त निघाले असते. दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढलेल्या नकाशावर ते केंद्र तीन रेषा ओलांडून भलत्याच ठिकाणी पडले असते. नकाशावरच्या छापील आकड्याला मात्र या दुरुस्त्या लावायच्या नाहीत. त्या वेधशाळेतच झालेल्या असतात. त्या दुसऱ्यांदा लावणे ही तितकीच मोठी चूक.

गुणायचे की भागायचे हा घोळ राहतोच. हेक्टोपास्कलचा आकडा नेहमी मोठा, मिलिमीटरचा नेहमी लहान, एवढे लक्षात ठेवले की पुरते. १००६.४ ला १.३३३२ ने गुणून १३४२ मिलिमीटर उत्तर आले, तर इतका दाब पृथ्वीच्या पृष्ठभागावर कुठेच नोंदलेला नाही. अतिथंड सैबेरियातले विक्रमी उच्चांकही समुद्रसपाटीला आणल्यावर सव्वाआठशेच्या आतच राहतात. दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर १९७९ मध्ये पॅसिफिकमधल्या टिप वादळात मोजलेला ८७० हेक्टोपास्कल हा समुद्रसपाटीवरचा आजवरचा नीचांक मानला जातो, त्याचे ६५२.६ मिलिमीटर होतात. समुद्रसपाटीच्या दाबाचे उत्तर या दोन टोकांच्या बाहेर गेले, तर ते खोडून गणित पुन्हा करावे.