एका छतावरचे अठराशे कोटी थेंब

दोन मिलिमीटर व्यासाचे पावसाचे थेंब जमवत बसलात, तर एक लिटरची बाटली भरायला सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार थेंब लागतील. आणि एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होतं. पाणी साठवण्याच्या धड्याचं सगळं गणित या दुसऱ्या वाक्यावर उभं आहे. सातवीच्या वर्गाला ते पाठ करायला लावू नये. फळ्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड अशा पाण्याच्या पापुद्र्याचं घनफळ मुलांनाच काढू द्यावं: १०० × १०० × ०.१, म्हणजे १,००० घनसेंटिमीटर. एक लिटर. तास इथून सुरू होतो.

आता शाळा घेऊ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिमी धरू. (त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला याच्या दहापटीहून जास्त पडतो, पण तो आपल्या छतावर पडत नाही.) तीन खोल्या आणि व्हरांडा, वर दोन्ही बाजूंना उतरता पत्रा, खाली ८० मुलं. इमारत वरून पाहिली तर २० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद. १५० चौरस मीटरवर ५०० मिमी म्हणजे ७५,००० लिटर. थेंबांत मोजायचं तर सुमारे अठराशे कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. दुष्काळी तालुक्यातल्या तीन खोल्यांच्या शाळेवर, एका वर्षात.

हे सगळं पाणी हाती येत नाही. काही पत्रा ओला होण्यात जातं, काही उडतं, काही पन्हळीबाहेर सांडतं. पत्र्यासाठी ०.८५ चा गुणांक धरला तर ६३,७५० लिटर उरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. आपल्या छताची वर्षाची कमाई त्यातल्या सव्वा वाघिणीइतकी. अशी आठ छतं म्हणजे ती पहिली गाडी.

एवढं ऐकून मुलं खूश होतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांना टेप देऊन बाहेर काढावं. कारण १५० हा आकडा त्यांना सहजासहजी मिळणार नाही. मुलं छत मोजायला जातात ती पत्र्याच्या उतारावरून. उतार तीस अंशांचा असेल तर पावणेचार मीटरच्या आडव्या अंतरासाठी पत्रा ४.३३ मीटर भरतो. दोन्ही बाजूंचा मिळून १७३ चौरस मीटर. म्हणजे २३ चौरस मीटर जास्त, आणि वर्षाला साडेअकरा हजार लिटर असं पाणी, जे आभाळातून कधी पडलंच नाही. पाऊस वरून येतो; छत किती तिरकं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, ते जमिनीवरची किती जागा झाकतं एवढंच मोजायचं.

यासाठी गवंड्याचा ओळंबा सर्वांत चांगला. वळचणीच्या कडेला दोरा धरायचा, लोलक स्थिरावला की जमिनीवर खूण करायची. चारही कोपऱ्यांच्या खुणा झाल्या, की टेप फक्त जमिनीवर फिरवायचा. कुणालाही छतावर चढवायची गरज पडत नाही, हा फायदा वेगळाच. जुन्या शाळेत ओळंबाही लागत नाही: वळचणीचं पाणी वर्षानुवर्षं पडून मातीत एक चर तयार झालेला असतो, तोच धरून मोजायचं. दोन्ही मापं जुळली तर सर्वेक्षण बरोबर. जुळली नाहीत तर एखादा पत्रा मागाहून वाढवलेला असतो किंवा इमारत काटकोनात नसते, आणि हे दोन्ही शाळांत सर्रास आढळतं.

सर्वेक्षणाच्या वहीत याशिवाय थोडंच लिहायचं, पण नीट बघून. छतावर झाडाची फांदी आली आहे का, आणि कबुतरं बसतात का. पत्रा लोखंडी आहे की जुना सिमेंटचा, कारण सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि ते पाणी पिण्यासाठी धरू नये. पाणी आत्ता वाहून कुठे जातं. शौचालयाचा खड्डा कोणत्या बाजूला आहे. आणि टाकीला जागा कुठे, जी प्रत्येक जण शेवटी लिहितो आणि जी खरं तर सर्वांत अवघड असते.

दुसरा तास मॉडेलचा. विज्ञान प्रदर्शनांत दिसणारी बहुतेक मॉडेलं दिसायला गोंडस आणि गणितात खोटी असतात. पुठ्ठ्याची शाळा, निळा पाइप, शेजारी एक वाटी. झारीने पाणी घातलं, वाटी भरली, टाळ्या. वाटी किती मोठी असायला हवी होती, हे कुणी विचारत नाही.

आपण प्रमाण धरू १:२५, म्हणजे एका मीटरला चार सेंटिमीटर. छत ८० × ३० सेंटिमीटरचं होतं. त्यासाठी पन्हळी पत्र्याचा तुकडा घ्यावा, आणि पन्हळ म्हणून उभा चिरलेला वायरिंगचा पाइप चालतो. आता मुलांना विचारायचं: खरी टाकी २५,००० लिटरची, तर मॉडेलची केवढी? बहुतेक जण २५ ने भागून एक हजार लिटर सांगतात आणि स्वतःच हसतात. मग कुणीतरी छताचं क्षेत्रफळ काढतं. ते ६२५ पट लहान झालेलं असतं, त्या हिशेबाने टाकी ४० लिटरची. छताशेजारी ४० लिटरचा पिंप ठेवून बघा, छत त्यात बुडेल असं दिसतं. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २५ पटींनी आकसतात, म्हणून घनफळ १५,६२५ पटींनी. उत्तर १.६ लिटर. खरी टाकी साडेतीन मीटर व्यासाची आणि २.६ मीटर उंचीची असेल, तर इथे १४ सेंटिमीटर रुंद आणि साडेदहा सेंटिमीटरला जरा कमी उंच अशी बरणी लागते.

मग पावसाचं काय? तोही २५ पटींनी आकसायला हवा. ५०० मिमीऐवजी २० मिमी. त्या छतावर २० मिमी म्हणजे ४.८ लिटर. माणच्या आभाळातून त्या शाळेवर वर्षभरात जे पडतं, ते मॉडेलवर पाच लिटरच्या कॅनमध्ये मावतं. ८० मुलांनी दिवसाला दोन-दोन लिटर पाणी प्यायलं तर १६० लिटर होतात. मॉडेलवर ते जेमतेम १० मिली, खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं ते प्लास्टिकचं मापी झाकण. अख्ख्या शाळेची एका दिवसाची तहान त्या एका झाकणात, आणि शाळेचे २२० दिवस धरले तर २२० झाकणं.

झारीने पाणी घालताना एक गंमत दिसेल. कोरड्या पत्र्यावर पहिल्यांदा घातलेल्या पाण्यापेक्षा ओल्या पत्र्यावर दुसऱ्यांदा तेवढंच घातल्यावर बरणीत जास्त येतं. कौलाचा तुकडा ठेवला तर हा फरक डोळ्यांत भरतो. मात्र मॉडेलवर मोजलेला गुणांक खऱ्या छताला लावू नये. पाण्याचा पृष्ठताण काही २५ पटींनी कमी होत नाही. लहान छताच्या कडेला लटकणारा थेंब त्याच्या मानाने फार मोठा असतो.

खरा धक्का ४.८ लिटर पाणी १.६ लिटरच्या बरणीत जाऊ लागतं तेव्हा बसतो. “सर, हे तर वाहून चाललं!” इथे तिसरा तास सुरू होतो, आणि तो पासबुकासारखा मांडावा: महिन्याची जमा, महिन्याचा खर्च, शिल्लक. एक मिलिमीटर पावसाला या छतावरून १२७.५ लिटर मिळतात, तेवढा एकच आकडा हाताशी ठेवायचा. जूनमध्ये ८० मिमी पडला असं समजू, जमा १०,२००. शाळा अर्धा महिनाच भरते, बारा दिवसांचा खर्च १,९२०. शिल्लक ८,२८०. जुलैत ७० मिमी आणि ऑगस्टमध्ये ८० मिमी धरून, रोजचं पिणं वजा करून ऑगस्टअखेर शिल्लक वीस हजारांच्या वर जाते. सप्टेंबर हा या भागातला भरवशाचा महिना. त्यात १५० मिमी पडला की टाकी काठोकाठ भरते आणि वर अकरा हजार लिटर वाहून जातात. ऑक्टोबरमध्ये आणखी आठ हजार. वाहून गेलेलं एकूण पाणी १९,००० लिटरच्या आसपास, तरीही ऑक्टोबरअखेर टाकी भरलेली. नोव्हेंबर ते एप्रिल शाळेचे १३० दिवस उरतात, त्यांना २०,८०० लिटर पुरे. टाकी जिंकली.

तीच टाकी दहा हजारांची घेतली तर? तीही ऑक्टोबरअखेर भरलेलीच असते, फोटोतही तितकीच छान दिसते. पण ती ६२ दिवसांत, साधारण जानेवारी संपता संपता, तळ गाठते. छत तेच, पाऊस तोच. आणि वर्ष वाईट निघून ३०० मिमीच पडला, तर छत देतं ३८,२५०, पिण्याची वर्षाची गरज ३५,२००. जमतं, पण पन्हळ एका जागी वाकलेली चालत नाही.

दुसरीकडे, भारतीय मानकात दिवसाच्या शाळेसाठी दर विद्यार्थी रोज ४५ लिटर धरलेले आहेत, कारण त्यात शौचालय, हात धुणं, सफाई सगळं येतं. त्या मापाने ८० मुलांना दिवसाला ३,६०० लिटर लागतात, आणि छताची अख्ख्या वर्षाची कमाई अठरा दिवसही टिकत नाही. म्हणून ‘छतावरच्या पाण्यावर शाळा चालेल का’ या प्रश्नाला वर्गात हो किंवा नाही असं उत्तर घेऊ नये. कशासाठी, हे आधी विचारावं.

आता ती शेवटी लिहिलेली टाकीची जागा. २५,००० लिटर म्हणजे २५ टन, आणि फेरोसिमेंटच्या टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. भिंतीला चिकटून, काळ्या मातीवर नुसता ओटा बांधून ती ठेवली तर माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि टाकीला तडा जातो. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया घ्यावा लागतो. शिवाय पन्हळीतून येणाऱ्या पहिल्या पाण्याची सोय आधी करायची. पहिला एक मिलिमीटर धूळ आणि विष्ठा धुऊन आणतो, म्हणजे १५० लिटर टाकीत जाऊ द्यायचे नाहीत. चार इंची उभ्या पाइपात मीटरला जेमतेम आठ लिटर मावतात. त्यात हे पाणी अडवायचं तर एकोणीस मीटर पाइप लागेल. दोनशे लिटरचा पिंप आणि तळाला एक नळ, एवढ्यात काम होतं. प्रत्येक पावसानंतर तो नळ उघडायची पाळी कुणाची, याचा तक्ता वर्गाच्या दारामागे लावायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र पहिला वळीव येतो आणि तक्त्यातलं कुणीच शाळेत नसतं, तेव्हा तो नळ मे महिनाभर उघडाच ठेवून जायचा आणि टाकीकडे जाणारा पाइप बंद.