प्रशिक्षणाचे पैसे: डोक्यामागे की गरजेप्रमाणे?

समजा, एका कारखान्यात २०० कर्मचारी आहेत आणि वर्षाचं प्रशिक्षणाचं बजेट ८ लाख रुपये, म्हणजे माणशी ४,००० रुपये आहे. वाटणी डोकी मोजून केली, तर उत्पादन विभागाच्या १२० जणांना ४ लाख ८० हजार मिळतात आणि गुणवत्ता विभागाच्या १० जणांना फक्त ४० हजार.

उत्पादनाचं भागतं. प्रशिक्षक कारखान्यात येतो, दिवसाचे २५ हजार घेतो, एका वेळी २५ जण शिकतात. माणशी हजारच पडतात. गुणवत्ता विभागाला मात्र एकाला आयएसओ ९००१च्या लीड ऑडिटरच्या पाच दिवसांच्या कोर्सला पाठवायचंय. फी ३० हजार धरली, तर १८ टक्के जीएसटीसह ३५,४०० होतात. प्रवास आणि मुक्काम धरला की विभागाचं वर्षाचं बजेट एकाच माणसावर संपतं.

म्हणून रक्कम दोन भागांत ठेवावी. माणशी २,५०० विभागांकडे द्यावेत. उरलेले ३ लाख एचआरकडे, फक्त बाहेरच्या कोर्सांच्या फीसाठी ठेवावेत. त्यासाठी विभागांनी एप्रिलमध्येच नाव, कोर्स आणि एकूण खर्च लिहून द्यावा. डिसेंबरअखेर न वापरलेली रक्कम दुसऱ्या विभागाला द्यावी. बिलं मार्चमध्येच दाटीनं येत असतील, तर खर्च गरजेसाठी नाही, बजेट संपवण्यासाठी चाललाय असं समजावं.