कडेवरून ओळखलेला रुपया

आत्याकडे राणीछाप-राजाछाप रुपयांची जुनी पिशवी आहे. त्यातल्या एका रुपयाचा फोटो तुम्ही काढलात, मोबाइल बिघडला आणि फोटो गेला, असं समजा. नाणं आत्याच्या गावी, जाणकार तिसऱ्याच गावी. तरी काम अडत नाही. आत्याने फोनवर नीट वर्णन केलं तर बऱ्याचदा फोटोपेक्षा जास्त कळतं, कारण फोटोत नाण्याची कड दिसत नाही आणि वजन तर कधीच दिसत नाही.

आत्या सांगते: एका बाजूला मुकुट घातलेल्या राजाचा चेहरा, डावीकडे पाहणारा, भोवती इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या बाजूला ‘वन रुपी’, ‘इंडिया’ आणि फारसी लिपीतला मजकूर. साल आहे, पण शेवटचा आकडा झिजलाय. 19 आणि पुढे 3 किंवा 4 असं काहीतरी दिसतं. राजाच्या नावापुढे रोमन सहा. म्हणजे सहावा जॉर्ज, एवढं ठरलं.

इथे आत्याला एक सूचना द्यायची: दिसतं तेवढंच सांग, अर्थ लावू नकोस. पाचव्या जॉर्जच्या 1911च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावर एक हत्ती आहे. तो इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांनी त्याला डुक्कर ठरवलं, ओरड झाली आणि पुढच्या साली सोंड स्पष्ट करावी लागली. ‘चार पायांचा लहान प्राणी, तोंड खाली’ असं वर्णन जाणकाराला उपयोगी पडतं. ‘डुक्कर’ म्हटलं की तो भलतीकडेच शोधत बसतो.

आता वजन. हा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. (वर्णनात ‘तोळा’ मात्र लिहू नये, आजच्या सराफ बाजारात तो शब्द दहा ग्रॅमसाठीही वापरतात.) आत्याने सराफाच्या काट्यावर तोललं, भरलं 11.5. थोडी झीज धरली तर बरोबर. पण नुसत्या वजनाने पुढे जाता येत नाही, कारण 1938चा उत्तम चांदीचा रुपया आणि 1940 नंतरचा अर्ध्या चांदीचा रुपया, दोन्ही याच वजनाचे पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने चांदीचं प्रमाण साधारण 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणलं, वजन तेवढंच ठेवलं.

फरक केला तो कडेवर. आधीच्या रुपयाच्या कडेला एकसारखे उभे दाते असत. 1940पासून नकली नाणी पाडणं अवघड व्हावं म्हणून दात्यांच्या मधोमध गोलाकार खोबण आणि तिच्यात बारीक नक्षी आली. म्हणून आत्याला विचारायचा प्रश्न हा: नाणं उभं धरून कडेवरून नख फिरव, मधे चर लागतो का? लागला तर साल झिजलेलं असलं तरी नाणं 1940 किंवा त्यानंतरचं.

चर नसेल, किंवा कडही झिजली असेल, तर पाण्याची मदत घ्यावी. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा काचेला न टेकवता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्याने भागायचं. उत्तर 10.3च्या आसपास आलं तर उत्तम चांदी, साडेनऊच्या आसपास आलं तर युद्धकाळातली मिश्र. पूर्ण वजनाच्या नाण्यांत हा फरक काट्यावर जेमतेम 0.09 ग्रॅमचा असतो. नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा त्यात घोळ घालतो, म्हणून दोन-तीनदा मोजावं. चमकवायला चिंच किंवा राख मात्र लावू नये; उरलंसुरलं सालही त्यात जातं.

आत्याच्या नाण्यावर चर लागला नाही आणि भागाकार 10.3 आला, असं धरू. मग शक्यता दोनच उरतात: 1938 किंवा 1939. इथे वर्णनाची हद्द संपते. 1939चा रुपया फार दुर्मीळ, त्यामुळे 1938च्या खऱ्या नाण्यावरचा 8 कोरून 9 केलेले नमुने विकले जातात. त्यांचं वजन खरं, चांदी खरी, कडही खरी. अशा वेळी आत्याला भिंग घेऊन शेवटच्या आकड्याभोवती पाहायला सांगावं: खरवडलेली चमक, आकड्याच्या कडेची वेगळी धार, शेजारच्या आकड्यांपेक्षा कमी झीज. तरी शंका राहिली तर नाणंच जाणकाराच्या हातात द्यावं लागेल, आणि ते देईपर्यंत 1939 हा आकडा कुठेही लिहू नये.