बारीक आहे, म्हणून साखर तपासलीच नाही?

वसतिगृहात राहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. महिन्याभरात वजन ५४ किलोवरून ४७ वर आलं. रात्री चार-पाचदा लघवीला उठणं, उशाशी पाण्याची बाटली, जिना चढताना पाय गळणं. घरच्यांना वाटतं, मेसचं जेवण मानवत नाही, परीक्षेचा ताण आहे. पण भूक चांगली असून वजन उतरत असेल, तर आधी रक्तातली साखर बघायला हवी.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातलं इन्सुलिन संपत जातं. साखर रक्तातच साठते आणि साधारण १८०च्या वर गेली की लघवीतून पाणी ओढत बाहेर पडते. तहान लागते ती त्यामुळे. पेशी मात्र उपाशीच राहतात, म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. लठ्ठपणा किंवा घराण्यात मधुमेह असायलाच हवा असं मुळीच नाही.

उपाशीपोटी तपासणीसाठी सकाळपर्यंत थांबू नका. बोटातल्या थेंबावर ग्लुकोमीटर मिनिटभरात आकडा देतो. अशी लक्षणं असताना तो २००च्या वर आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रयोगशाळेत खात्री होईल आणि लघवीतले कीटोनही तपासले जातील. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे झपाट्याने सुरू झालेल्या आजारात ते फसवू शकतं.

उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास किंवा गुंगी दिसली, तर ही ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या. इथे काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. उपचार इन्सुलिनचाच, काढे किंवा गोळ्या त्याची जागा घेत नाहीत.