बलेनो आली, तरी स्विफ्ट राहिली

२०११ च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने ‘किझाशी’ नावाची सेडान भारतात आणली. किंमत साडेसोळा लाखांच्या पुढे. गाडी चांगली होती, पण ती मिळायची त्याच शोरूममध्ये जिथे अल्टो आणि वॅगनआर रांगेत उभ्या असायच्या. सोळा-सतरा लाख मोजणारा माणूस त्या शोरूममध्ये फिरकलाच नाही. काही वर्षांत किझाशी गुपचूप बंद झाली.

त्या अपयशात कंपनीचं जुनं गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण नव्या गाडीकडे कोणी वळलंच नाही. खरा धोका पुढच्या प्रयत्नात होता. मारुतीला वरच्या गटातलं गिऱ्हाईक हवं होतं आणि तिथे पोचण्याचा व्यवहार्य रस्ता सोळा लाखांच्या सेडानमधून जात नव्हता. तो सहा-सात लाखांच्या मोठ्या हॅचबॅकमधून जात होता. या वर्गात २०१४ पासून ह्युंदाईची एलिट आय-२० जोरात चालली होती, २०१५ मध्ये होंडाची नवी जॅझही आली. पण सहा-सात लाखांच्या गाडीचं दार स्विफ्टच्या दाराला अगदी लागून होतं. स्विफ्ट वर्षाला दोन लाखांच्या आसपास खपत होती आणि तिच्यावर कंपनीची मोठी भिस्त होती. नवी गाडी आय-२०चं गिऱ्हाईक न आणता स्विफ्टचंच ओढून नेईल, तर काय?

मार्केटिंगवाले याला कॅनिबलायझेशन म्हणतात. भीती रास्त आहे, पण ती किती बाळगायची हे हिशेबावरून ठरतं. त्यासाठी एक मानीव उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा, साध्या गाडीचा कच्चा माल, मजुरी, डीलरचं कमिशन असा थेट खर्च वजा जाता गाडीमागे ४० हजार रुपये हाती राहतात आणि प्रीमियम गाडीमागे ५५ हजार. प्रीमियमसाठी नवे साचे, वेगळी शोरूम, जाहिराती असा वर्षाला ३०० कोटींचा जादा खर्च आहे, आणि वर्षाला एक लाख प्रीमियम गाड्या खपतात.

सगळं गिऱ्हाईक बाहेरचं असेल तर ५५० कोटी येतात. ३०० कोटी खर्च वजा करून २५० कोटी उरतात. आता यातले अर्धे लोक एरवी साधी गाडी घेणारे होते असं धरा. त्या ५० हजार गाड्यांचे प्रत्येकी ४० हजार, म्हणजे २०० कोटी बुडाले. हाती उरले ५० कोटी. शंभरातले सत्तर घरचेच निघाले तर २८० कोटी बुडतात आणि सगळा खटाटोप ३० कोटींच्या तोट्यात जातो. या उदाहरणातली सीमा शंभरात साडेबासष्टवर आहे. त्याखाली फायदा, त्यावर तोटा.

या मांडणीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जादा किंमत म्हणजे जादा नफा असं व्यापारात गृहीत धरलं जातं, पण तुलना किमतीची करायची नसते, हाती राहणाऱ्या रुपयांची करायची असते. महाग माल, महाग पॅकिंग, जास्त सेवा आणि सुरुवातीची सवलत यांत प्रीमियमचे ५५ हजार सहज ३५ हजारांवर येऊ शकतात. मग साधी सोडून महाग घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक पाच हजारांचं नुकसान करून जातं. विक्रीची रक्कम मात्र वाढलेली दिसते, म्हणून हे नुकसान उशिरा लक्षात येतं.

पुन्हा मारुतीकडे. नेक्सा या वेगळ्या शोरूम-साखळीची सुरुवात जुलै २०१५ मध्ये झाली. तिथली पहिली गाडी एस-क्रॉस. तिचं गणित चुकलं. काही महिन्यांतच मोठ्या डिझेल इंजिनाच्या प्रकाराची किंमत दोन लाखांच्या आसपास खाली आणावी लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये बलेनो आली, सुरुवातीची किंमत दिल्लीत ४ लाख ९९ हजार, आणि तिने नेक्साला पायावर उभं केलं.

बलेनो आणि स्विफ्टमध्ये साम्य भरपूर होतं. १.२ लिटरचं पेट्रोल आणि १.३ लिटरचं डिझेल ही दोन्ही इंजिनं दोघींत होती. स्विफ्टच्या वरच्या प्रकारांच्या किमतीत बलेनोचे खालचे प्रकार येत होते. कागदावर पाहिलं तर ही घरातल्या घरात भांडणाची तयारी होती. मग वेगळेपण कुठे ठेवलं? जागेत. तेव्हाची स्विफ्ट ३,८५० मिलिमीटर लांब, बलेनो ३,९९५. स्विफ्टची डिकी २०४ लिटरची, बलेनोची ३३९. दोन एअरबॅग आणि एबीएस बलेनोच्या सर्वांत स्वस्त प्रकारातही होते.

हा फरक निवडण्यात शहाणपण आहे. स्विफ्ट घेणारा बहुधा चपळ, आटोपशीर गाडी शोधणारा. आई-वडील आणि सामान घेऊन कोकणात निघणाऱ्या कुटुंबाला मागच्या सीटवर आणि डिकीत जागा हवी. दोन मालांत फक्त चकचकीतपणाचा फरक असेल तर साध्या मालाचं सुखवस्तू गिऱ्हाईक आपोआप वर सरकतं. फरक गरजेचा असेल तर बरेच जण जिथल्या तिथे राहतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बलेनो महाग दिसावी म्हणून स्विफ्टमधून काही काढून घेतलं गेलं नाही. हा मोह अनेक कंपन्यांना होतो. साध्या मालाचा दर्जा हळूच उतरवला की वरचा माल उठून दिसतो खरा, पण दुखावलेलं गिऱ्हाईक वर सरकेलच असं नाही. ते समोरच्या दुकानातही जातं.

वेगळ्या शोरूमची चर्चा झाली ती वातानुकूलित दालनं आणि काळ्या-पांढऱ्या सजावटीमुळे. तिचा खरा उपयोग विक्रेत्याच्या वागण्यात आहे. एकाच छताखाली दोन गाड्या असतील तर विक्रेता जिच्यावर त्याला जास्त मिळतं तिच्याकडे माणसाला ढकलतो. स्विफ्ट ठरवून आलेल्या माणसाला बलेनो दाखवणं हे त्याच्यासाठी सर्वांत सोपं काम असतं, आणि कंपनीच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाचं. नेक्साचे विक्रेते वेगळे, दालन वेगळं. अनेक ठिकाणी मालक मात्र जुनाच डीलर. स्विफ्टच्या माणसाला बलेनोकडे जायचं तर दुसरं दार उघडावं लागे. एवढा अडथळाही पुरेसा काम करतो. त्याची किंमत म्हणजे दालनांचं भाडं आणि दुप्पट कर्मचारी, वरच्या हिशेबातले ते ३०० कोटी.

आता निकाल. आर्थिक वर्ष २०१५-१६ मध्ये स्विफ्ट सुमारे १ लाख ९५ हजार खपली. २०१६-१७ मध्ये, बलेनोच्या पहिल्या पूर्ण वर्षात, ती १ लाख ६७ हजारांवर आली. २८ हजारांची घट. त्या वर्षी बलेनो १ लाख २१ हजार खपल्या. सगळी घट बलेनोच्या माथी मारली तरी तिच्या शंभर गिऱ्हाइकांत तेवीस जण स्विफ्टचे ठरतात.

पण सगळी घट तिच्या माथी मारता येत नाही. त्याच वर्षी अल्टोसुद्धा २ लाख ६३ हजारांवरून २ लाख ४२ हजारांवर घसरली, आणि अल्टोच्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात बलेनो नव्हती. शिवाय स्विफ्टचा तो अवतार २०११ चा, म्हणजे जुना झालेला. उलट बाजूने, बलेनो आधीच्या वर्षाच्या अखेरचे पाच महिने विक्रीत होतीच, म्हणजे तुलनेचं वर्षही अगदी कोरं नव्हतं. म्हणून नुसता आधी-नंतरचा आकडा पाहून निष्कर्ष काढणं धोक्याचं. नव्या मालाची झळ न पोचलेला एखादा माल किंवा एखादा जिल्हा शेजारी ठेवून पाहावा लागतो. त्याहून थेट मार्ग शोरूममध्येच असतो: बुकिंग करणाऱ्याला दुसरी कोणती गाडी मनात होती हे विचारायचं, आणि एक्स्चेंजला कोणती जुनी गाडी आली ते नोंदवायचं. आय-२०चं नाव वारंवार आलं तर गिऱ्हाईक बाहेरचं. स्विफ्टचं आलं तर घरचं.

आणखी एक खूण म्हणजे साध्या मालावरची सवलत. त्याचा खप टिकलेला दिसतो, पण तो टिकवायला दर महिन्याला पाच-पाच हजार जास्त सोडावे लागत असतील, तर नफा गळायला लागलेला असतो आणि विक्रीच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो.

कारखान्याची बाजूही सोडून चालत नाही. सुरुवातीला बलेनो मानेसरला बनायची, जिथे स्विफ्टही बनत होती, आणि बलेनोसाठी लोक महिनोन्‌महिने थांबत होते. कारखाना पूर्ण भरलेला असतो तेव्हा एकही गिऱ्हाईक न पळवता महाग माल साध्या मालाची जागा खाऊ शकतो, कारण लाइनवर एक गाडी चढली की दुसरी उतरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझुकीचा गुजरातमधला हंसलपूरचा कारखाना सुरू झाला आणि तिथे पहिल्यांदा बनली ती बलेनोच. नव्या जागेचा पहिला वाटा नव्या गाडीला, हा क्रम बरोबर होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नवी स्विफ्ट आली. २०१८-१९ मध्ये स्विफ्ट २ लाख २४ हजार आणि बलेनो २ लाख १२ हजार खपल्या. प्रीमियम गाडी स्थिरावली म्हणून साध्या गाडीवरचा खर्च थांबवला नाही, हे या आकड्यांमागचं मोठं कारण दिसतं.

हीच कंपनी पुढे आणखी अवघड प्रयोगात शिरली. एप्रिल २०२३ मध्ये बलेनोच्याच पायावर उभी, तिच्याहून महाग फ्रॉन्क्स नेक्सातच आली. दार तेच, विक्रेते तेच, वेगळेपण उंच बांध्याचं. २०२२-२३ मध्ये बलेनो २ लाख ३ हजार खपली होती. पुढच्या वर्षी ती १ लाख ९६ हजारांवर आली आणि फ्रॉन्क्सने १ लाख ३५ हजारांची भर घातली. म्हणजे बहुतेक विक्री नवी. पण २०२४-२५ मध्ये फ्रॉन्क्स ३१ हजारांनी वाढून १ लाख ६६ हजार झाली, तर बलेनो २८ हजारांनी घटून १ लाख ६७ हजार. दोघींची बेरीज दोन वर्षांत अनुक्रमे ३ लाख ३० हजार आणि ३ लाख ३३ हजार. पहिल्या वर्षी बाहेरून आलेली विक्री दुसऱ्या वर्षी घरातल्या घरात फिरू लागल्याचं हे चित्र आहे. नव्या मालाचा पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून समाधान मानणाऱ्याला हा बदल दिसत नाही. दुसऱ्या वर्षी दोन्ही मालांचा खप एकत्र मांडला तरच दिसतो, आणि तो परवडतो की नाही हे फ्रॉन्क्समागे हाती राहणारी रक्कम बलेनोपेक्षा किती जास्त आहे यावर ठरतं.