खेळी फोनवर, निवाडा सर्व्हरवर

जुन्या देवळांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी फरशीवर कोरलेला नवकंकरीचा पट अनेकांनी पाहिला असेल. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेषा आणि एकूण २४ बिंदू. खेळाडू दोन, प्रत्येकाच्या सोंगट्या नऊ. आधी आळीपाळीने सोंगट्या मांडायच्या, मग रेषेवरून शेजारच्या मोकळ्या बिंदूवर सरकवायच्या. आपल्या तीन सोंगट्या एका रेषेत लागल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला हलायला जागाच राहिली नाही, तो हरला.

हा खेळ फोनवर आणायचा आहे असे समजा. एक खेळाडू साताऱ्यात, दुसरा न्यू जर्सीत. एकाची सकाळ तेव्हा दुसऱ्याची रात्र, त्यामुळे दोघे एकाच वेळी फोन हातात धरून बसतील ही अपेक्षाच चुकीची. अशा खेळाची जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. पोस्टकार्डावर एकेक खेळी लिहून बुद्धिबळाचे डाव महिनोन्‌महिने चालत. कार्डावर खेळीचा क्रमांक लिहिलेला असे आणि दोघेही आपापल्या घरी पट मांडून ठेवत. आपल्या खेळाची रचनाही तशीच, फक्त एका गोष्टीची भर घालून. मधे एक पंच बसवायचा आणि खरा पट त्याच्याकडे ठेवायचा. हा पंच म्हणजे सर्व्हर.

पट साठवायला फारसे काही लागत नाही. बिंदूंना ० ते २३ असे क्रमांक दिले की सगळा पट २४ अक्षरांत मावतो. मोकळ्या बिंदूला टिंब, पांढऱ्या सोंगटीला `W`, काळीला `B`. त्याच्या जोडीला कुणाच्या किती सोंगट्या मांडायच्या राहिल्या, पाळी कोणाची, आतापर्यंत किती खेळ्या झाल्या आणि पुढच्या खेळीची मुदत कधी संपते एवढी नोंद केली की डाव पूर्ण लिहिला गेला. डेटाबेसमधली ही एक ओळ झाली.

खेळाडूने सोंगटी सरकवली की फोन सर्व्हरला असा छोटा निरोप पाठवतो:

```
{"game": 812, "move_no": 31, "from": 4, "to": 7, "remove": 11}
```

म्हणजे ८१२ क्रमांकाच्या डावात ३१वी खेळी, चारवरची सोंगटी सातवर, त्यामुळे ओळ जुळली म्हणून अकरावरची उचलायची. या निरोपात नवा पट नाही आणि ‘मी जिंकलो’ हेही नाही. फोनने फक्त इच्छा सांगायची. कारण फोनवरचे अ‍ॅप उघडून बदलता येते आणि हवा तो निरोप हाताने तयार करून पाठवताही येतो. फोनने पाठवलेला पट सर्व्हरने जसाच्या तसा मानला, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी समोरच्याच्या सात सोंगट्या एका झटक्यात उचलल्याचे दिसेल.

म्हणून प्रत्येक निरोप आला की सर्व्हर आपल्याकडचा पट काढतो आणि प्रश्न विचारतो. पाठवणारा याच डावातला आहे का? पाळी त्याची आहे का? चारवर त्याचीच सोंगटी आहे का? चार आणि सात रेषेने जोडलेले आहेत का? सात मोकळा आहे का? ओळ खरोखर जुळली का, आणि अकरावर समोरच्याची सोंगटी आहे का? नवकंकरीत तीन बिंदूंच्या ओळी फक्त १६ आहेत. त्या एका यादीत लिहून ठेवल्या की ही तपासणी संगणकाला क्षणाचेही काम नाही. सगळी उत्तरे ‘हो’ आली तरच पट बदलतो.

खरी कसोटी नियमांची नसून नेटवर्कची असते. साताऱ्याचा खेळाडू एसटीत बसला आहे. त्याने सोंगटी सरकवली, निरोप सर्व्हरला पोचला, पट बदलला आणि ‘मिळाले’ हे उत्तर परत येत असतानाच गाडी घाटात शिरून रेंज गेली. फोनच्या दृष्टीने खेळी गेलीच नाही. रेंज आल्यावर तो तोच निरोप पुन्हा पाठवतो. इथे काळजी घेतली नसेल तर दोनपैकी एक घोटाळा होतो. मांडणीच्या टप्प्यात एका सोंगटीच्या जागी दोन मोजल्या जातात, किंवा खेळी बरोबर असूनही खेळाडूला ‘तुमची पाळी नाही’ असा लाल संदेश दिसतो.

दोन्हींवर उपाय पोस्टकार्डावरचाच, खेळीचा क्रमांक. पट बदलताना सर्व्हर डेटाबेसला सांगतो की ३० खेळ्या झालेल्या असतील तरच हा बदल कर:

```
UPDATE games SET board = ?, turn = 'B', move_no = 31
WHERE id = 812 AND move_no = 30;
```

पहिल्यांदा एक ओळ बदलते. दुसऱ्यांदा तोच निरोप आला तर एकही ओळ बदलत नाही, कारण क्रमांक आधीच ३१ झालेला असतो. मग सर्व्हर आपल्या खेळ्यांच्या वहीत पाहतो. ३१वी खेळी याच खेळाडूची आणि अगदी हीच असेल, तर तो रागावत नाही. पहिल्या वेळचेच उत्तर पुन्हा देतो. एकच खेळी दहादा पाठवली तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. पाळीपाळीच्या ऑनलाइन खेळातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, आणि घरच्या वाय-फायवर चाचणी घेणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच सुटतो. चाचणी घेताना ‘पाठवा’ दाबून लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, मग परत चालू करावा. पट बरोबर दिसला तर पाया पक्का.

आता समोरच्याला कळणार कसे? सोपा वाटणारा मार्ग असा की प्रत्येक फोनने दर दोन सेकंदांनी ‘माझी पाळी आली का?’ असे विचारत राहायचे. दोन हजार फोनवर खेळ उघडा असेल तर सर्व्हरला सेकंदाला एक हजार प्रश्न येतील, आणि बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेल. खऱ्या खेळ्या किती, हे मोजून पाहा. दिवसाला दहा हजार खेळाडू, प्रत्येकाच्या ४० खेळ्या धरल्या तर चार लाख खेळ्या होतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर त्या वाटल्या की सेकंदाला पाचही होत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत दहापट वाढ धरली तरी पन्नासच्या आत. एवढे काम भाड्याने मिळणारा लहानातला लहान सर्व्हर आरामात करतो. म्हणजे भार खेळाचा नसतो, विचारपूस करण्याचा असतो.

म्हणून खेळी झाली की सर्व्हरने समोरच्या फोनला नोटिफिकेशन पाठवावे आणि फोनने तेव्हाच येऊन पट घेऊन जावा. पण नोटिफिकेशनवर विसंबून राहता येत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ती उशिरा दाखवतात, कधी दाखवतही नाहीत. त्यामुळे तिच्यात पट किंवा खेळी भरू नये, फक्त ‘तुमची पाळी’ एवढाच इशारा असावा. अ‍ॅप उघडले की नोटिफिकेशन आलेली असो वा नसो, ताजा पट सर्व्हरकडूनच घ्यावा.

हरणारा खेळाडू अनेकदा खेळतच नाही, म्हणून मुदत लागते, समजा २४ तासांची. प्रत्येक डावासाठी सर्व्हरच्या स्मरणात घड्याळ चालवत ठेवले तर सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होताच सगळी घड्याळे पुसली जातात. त्याऐवजी मुदत संपण्याची वेळ डावाच्या ओळीतच लिहावी आणि दर काही मिनिटांनी मुदत उलटलेले डाव शोधून निकाली काढावेत. वेळ नेहमी सर्व्हरची धरावी, कारण फोनचे घड्याळ खेळाडूला मागेपुढे करता येते.

डाव संपला की गुणफलकाची पाळी येते. फक्त जिंकलेले डाव मोजले तर दिवसभर नवशिक्यांशी खेळणारा सर्वांत वर जाईल. यावर बुद्धिबळाने शोधलेला उपाय एलो गुणांकनाचा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत घडवली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून कोण जिंकण्याची शक्यता किती हे आधी काढायचे आणि निकाल अपेक्षेपेक्षा जितका वेगळा तितके गुण हलवायचे.

आपल्या डावात साताऱ्याच्या खेळाडूचे गुण १५००, न्यू जर्सीच्या खेळाडूचे १७००. दोनशेच्या फरकाने साताऱ्याकडून अपेक्षा सुमारे २४ टक्के. एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण हलतील असे ठरवले, तर साताऱ्याचा खेळाडू जिंकल्यास त्याला ३२ च्या ७६ टक्के, म्हणजे २४ गुण मिळतात आणि तो १५२४ वर जातो. समोरचा १६७६ वर येतो. उलट न्यू जर्सीचा जिंकला तर त्याला फक्त आठ गुण. दुबळ्यांना हरवून वर चढण्याचा रस्ता इथे आपोआप अरुंद होतो.

दोघांचे गुण आणि डावाचा निकाल एकाच व्यवहारात लिहावेत. झाले तर सगळे, नाहीतर काहीच नाही. हे पाळले जाते का, हे ओळखायची सोपी खूण आहे. सगळे १५०० ने सुरू करतात आणि एकाला मिळालेले गुण दुसऱ्याचे गेलेले असतात, म्हणून सर्वांच्या गुणांची सरासरी १५०० च राहिली पाहिजे. ती हलली तर कुठेतरी अर्धाच निकाल लिहिला गेला. क्रमांक काढण्यासाठी, आपल्यापेक्षा जास्त गुण असलेले किती, एवढेच मोजून त्यात एक मिळवायचा. गुणांच्या रकान्याला इंडेक्स असेल तर काही लाख खेळाडूंपर्यंत साधा डेटाबेसही हे पटकन सांगतो. पडद्यावर पहिले दहा आणि आपल्या वरखालचे पाचपाच दाखवावेत. ४,३१२व्या क्रमांकावरच्या माणसाला पहिल्या दहांपेक्षा आपल्या शेजाऱ्यांना गाठण्यात जास्त रस असतो.

गुणफलक आला की लबाडीही येते. एकच माणूस दोन फोन घेऊन स्वतःलाच हरवत राहतो, किंवा मित्र ठरवून हरतो. म्हणून मित्राला बोलावून खेळलेल्या डावाचे गुण धरू नयेत. सर्व्हरने जोडी लावलेलेच डाव मोजावेत आणि त्याच दोघांचे डाव दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त मोजू नयेत.

एक लबाडी मात्र या रचनेने पकडता येत नाही. राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये संगणकाने दाखवून दिले, की दोघेही अचूक खेळले तर नवकंकरी बरोबरीत सुटते. म्हणजे अचूक खेळणारा प्रोग्राम बनू शकतो आणि कुणीही तो शेजारी ठेवून खेळू शकतो. खेळी नियमात आहे का हे सर्व्हर सांगू शकतो, ती कुणाला सुचली हे नाही. खेळी करायला लागलेला वेळ पाहून संशय घेता येतो, पुरावा मिळत नाही. त्यामुळे अशा गुणफलकावर पैशांचे बक्षीस लावू नये. पण पहिल्या खेळीपासूनची वही जपली असेल, तर कोणत्याही तक्रारीवर डाव ओळीने पुन्हा मांडून पाहता येतो. शेवटचा पट जुळला नाही तर चूक प्रोग्रामची. जुळला तर फलकावरचा तो आकडा नियमाने खेळलेल्या डावांतूनच आला आहे, हे खेळाडूला खेळीगणिक दाखवता येते.