गाडी कंपनीची, पण काम कोणाचे?

18 डिसेंबर 1960 रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार वाटेत झाडावर आदळली. गाडी एका जिनिंग कंपनीची होती आणि ती चालवत होता कंपनीचा व्यवस्थापक. कंपनीच्याच कामासाठी तो निघाला होता. त्याच्यासोबत बसलेले गृहस्थ मात्र कंपनीचे कोणी नव्हते. ते अपघातात गेले, आणि त्यांच्या पत्नीने व मुलांनी कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली. कंपनीचे म्हणणे थोडक्यात असे : ते गृहस्थ स्वतःच्या कामासाठी, फुकट आणि आम्हाला न विचारता गाडीत बसले होते, मग भरपाई आम्ही का द्यावी?

‘पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी’ या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 मध्ये त्याचा निकाल लागला. नोकराच्या चुकीसाठी मालकाने खिशात हात कधी घालायचा, याचे उत्तर आजही वकील या निकालात शोधतात. म्हणून तो जरा सावकाश पाहू.

न्यायालयापुढे पहिला प्रश्न चालकाच्या हयगयीचा होता. मालकावर बोजा टाकायचा, तर आधी नोकराचा दोष सिद्ध व्हावा लागतो. नोकराचा दोष नसेल, तर मालकापर्यंत जाण्याचा रस्ताच उरत नाही. इथे अपघाताच्या खुणा पुरेशा बोलक्या होत्या. गाडी रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आपटली होती. धडक इतकी जोराची होती की झाड मोडून पडले आणि गाडीचे इंजिन मागे सरकले. नीट चालवलेली गाडी सहसा अशी जात नाही. अशा वेळी चालकाची नेमकी कोणती चूक झाली हे वारसांनी दाखवत बसायचे नसते. अपघात दुसऱ्या कशामुळे झाला असेल, तर ते गाडीवाल्याने सांगायचे असते. कंपनीकडून तसे पटण्याजोगे काही आले नाही.

दुसरा प्रश्न खरा कळीचा होता. ही चूक ‘नोकरीच्या ओघात’ झाली होती का? कंपनीच्या कामासाठी कंपनीची गाडी नेणे हे व्यवस्थापकाचे कामच होते. त्याने कोणाला सोबत घेतले म्हणून तो प्रवास त्याचा खासगी होत नाही. शिवाय व्यवस्थापकासारख्या माणसाला कोणाला गाडीत घेण्याचा अधिकार असावा, असे बाहेरचा माणूस धरूनच चालतो. उच्च न्यायालयाचा निर्णय कंपनीच्या बाजूने गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि कंपनीला जबाबदार धरले.

यातली मेख अशी की मालकाची परवानगी होती का, हा शेवटचा प्रश्न नसतो. माणूस मालकाचे काम करत होता का, हे पाहिले जाते. मालकाने मनाई केलेली असली तरी तेवढ्याने तो सुटत नाही. लंडनच्या एका बस कंपनीने आपल्या चालकांना दुसऱ्या बसगाड्यांशी शर्यत लावू नका, त्यांना अडवू नका अशी सक्त ताकीद दिली होती. एका चालकाने ती मोडून दुसऱ्या कंपनीची बस उलथवली. 1862 च्या निकालात कंपनीलाच जबाबदार धरले गेले. कारण बस चालवणे हे त्याचे नेमून दिलेले काम होते, फक्त ते त्याने मना केलेल्या पद्धतीने केले. काम कसे करायचे याबद्दलची मनाई वेगळी आणि ते काम तुझे नाहीच हे सांगणे वेगळे.

ही सीमा कुठे संपते हे दुसऱ्या दोन निकालांत दिसते. 1966 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात प्रश्न अहमदाबादच्या एका टॅक्सीचा होता. मालकाने टॅक्सी भाड्याने फिरवण्यासाठी चालकाच्या हवाली केली होती. क्लीनरला वाहन परवाना काढायचा होता. त्याच्या चाचणीसाठी गाडी त्याच्या हाती दिली गेली आणि त्यात एका वाटसरूला गंभीर दुखापत झाली. न्यायालयाने बहुमताने मालकाला सोडले. क्लीनरला परवाना मिळवून देणे हे मालकाचे काम नव्हते, असे बहुमताला वाटले. एका न्यायमूर्तींचे मत मात्र उलट पडले. यावरून सीमारेषा किती बारीक असते ते कळते. पुढे 1977 च्या निकालात तर न्यायालयाने म्हटले, की कायद्याचा कल मालकाची जबाबदारी अधिक व्यापक धरण्याकडे आहे.

दुसरा निकाल 1978 चा, बँकेचा. एका खातेदार बाईच्या पतीने ओळखीच्या, शेजारच्या बँक कर्मचाऱ्याकडे पैसे दिले आणि खात्यात भरायला सांगितले. पावती घेतली नाही. कर्मचाऱ्याने पैसे लांबवले. तो बँकेचाच नोकर होता, तरी बँक जबाबदार ठरली नाही. बचत खात्याच्या खिडकीवर पैसे घेणे हे त्याचे काम नव्हते. त्या दांपत्याने पैसे बँकेला नव्हे, आपल्या विश्वासातल्या माणसाला दिले होते.

आता हे रोजच्या व्यवहारात लावून पाहू. समजा, एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा कामगार एका फ्लॅटमध्ये आला आणि पाण्याची नळी नीट न जोडता गेला. रात्रभर पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या घराचे छत आणि कपाट खराब झाले. तक्रार दुकानात नोंदवलेली असेल आणि बिल दुकानाने दिले असेल, तर खालचा शेजारी दुकानमालकाला आणि कामगाराला, दोघांनाही प्रतिवादी करू शकतो. मालक दुसऱ्या गावी होता, कामगाराला नीट शिकवले होते, हे बचाव इथे चालत नाहीत. पण त्याच कामगाराला कोणी परस्पर फोन करून रविवारी बोलावले आणि पैसेही त्याच्याच हातात दिले, तर अंगावर दुकानाचा टी-शर्ट असला तरी दावा दुकानावर टिकवणे अवघड जाते.

मालकाचा नेहमीचा बचाव असतो, ‘हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.’ स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीची जबाबदारी सहसा काम देणाऱ्यावर येत नाही, हे खरे. पण न्यायालय कागदावरच्या नावावर थांबत नाही. काम कसे करायचे हे कोण सांगते, हत्यारे कोणाची, पगार कोण देते, काढून टाकण्याचा अधिकार कोणाला, हे तपासले जाते.

म्हणून नुकसान झालेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टींचा पुरावा गोळा करावा. चूक काय झाली हे दाखवणारे फोटो आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक, ही पहिली. काम कोणाचे होते हे दाखवणारे जॉब कार्ड, बिल, तक्रारीचा क्रमांक, व्हॉट्सअॅप संदेश, ही दुसरी. बरेच लोक पहिली जपतात, दुसरी विसरतात आणि तिथेच दावा लंगडा पडतो. मालमत्तेच्या अशा नुकसानीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. वाहन अपघातात मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. तिथल्या अर्जासाठी एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, त्यामुळे वाट पाहत बसू नये.

मालकाला भरपाई दिल्यावर ती नोकराकडून वसूल करण्याचा हक्क तत्त्वतः असतो. पण दहा-पंधरा हजार पगाराच्या माणसाकडून लाखो रुपये कसे वसूल होणार? कायद्याने हा भार मालकावर ठेवला त्यामागे हाही विचार आहे. माणूस निवडणे, त्याला शिकवणे आणि विमा उतरवणे मालकाला जमते. ज्याच्या छतातून पाणी गळाले त्याला यातले काहीच करता येत नाही.